स्कॅनरची काच आणि लेझर प्रिंटरचा आतला भाग सुरक्षितपणे कसा साफ करावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं प्रिंट, कॉपी आणि स्कॅन ही तिन्ही कामं करणाऱ्या, काळ्या टोनरच्या लेझर प्रिंटरसाठी आहेत. अशा मशीनमध्ये वर स्कॅनर असतो आणि खाली प्रिंटर. दोघांची घाण वेगळी, ती काढायची पद्धत वेगळी आणि चुकीच्या जागी हात लावला तर होणारं नुकसानही वेगळं. म्हणून फडकं हातात घेण्याआधी घाण कुठे आहे हे शोधायचं.

कॉपीवर वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ येते. टोनर कार्ट्रिज काढून आतून साफ करू का?

लगेच नको. आधी तीन पानं काढा. पहिलं पान कॉम्प्युटरवरून सरळ प्रिंट करा, किंवा प्रिंटरच्या मेनूमधून त्याचं स्वतःचं माहितीपान छापा. दुसऱ्यासाठी एक कोरा कागद स्कॅनरच्या मोठ्या काचेवर ठेवून झाकण लावा आणि कॉपी काढा. तिसऱ्यासाठी तोच कोरा कागद वरच्या फीडरमधून, म्हणजे एडीएफमधून घालून कॉपी काढा. छापील मजकुराच्या गर्दीत फिकट रेघ लपते, कोऱ्या कागदाच्या कॉपीवर ती लगेच दिसते.

आता पानं शेजारी ठेवून बघा. रेघ फक्त तिसऱ्या पानावर असेल तर दोष एडीएफच्या अरुंद काचेवर आहे आणि दोन-चार मिनिटांत निघण्यासारखा आहे. तिन्ही पानांवर असेल तर दोष खालच्या बाजूला, म्हणजे कार्ट्रिज, ड्रम किंवा फ्यूझरमध्ये आहे. मग काच कितीही पुसली तरी फरक पडणार नाही. सरळ प्रिंट स्वच्छ आहे, पण काचेवरून आणि एडीएफमधून काढलेल्या दोन्ही कॉपींवर रेघ आहे, असंही कधी कधी होतं. तेव्हा घाण बहुधा स्कॅनरच्या आत असते, सेन्सरवर किंवा काचेच्या चौकटीखालच्या पांढऱ्या कॅलिब्रेशन पट्टीवर. तिथे बाहेरून हात पोहोचत नाही, त्यामुळे ते काम सर्व्हिसवाल्याचं.

आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक पहिल्या प्रकारातल्या निघतात आणि लोक मात्र सुरुवात कार्ट्रिज उपसण्यापासून करतात.

मोठी काच लखलखीत आहे. मग एडीएफमधूनच रेघ का येते?

कारण एडीएफ त्या मोठ्या काचेतून बघतच नाही. झाकण उघडल्यावर मोठ्या काचेच्या एका बाजूला, बहुतेक मशीनमध्ये डावीकडे, साधारण बोटभर रुंदीची एक वेगळी काचपट्टी दिसते. एडीएफ वापरताना स्कॅनिंग हेड या पट्टीखाली येऊन थांबतं आणि कागद तिच्यावरून सरकत जातो. पट्टीवर एखादा कण चिकटलेला असेल, तर हेडला कागदाच्या प्रत्येक ओळीत तो एकाच जागी दिसतो आणि कणाची रेघ होते. मोठ्या काचेवर उलट असतं. तिथे कागद स्थिर आणि हेड फिरतं, म्हणून तसाच कण फक्त एक ठिपका उमटवतो.

रेघ उमटायला किती लहान कण पुरतो, त्याचा अंदाज असा. 300 डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे सुमारे 0.085 मिमी. एवढ्या जागेत बसणारा व्हाइटनरचा कण 297 मिमी लांबीच्या ए4 पानावर सलग रेघ ओढू शकतो. वरवर बघून पट्टी स्वच्छ वाटते ती यामुळेच.

ती पट्टी नेमकी कशी साफ करायची?

एक उदाहरण धरून चालू. तिसऱ्या पानावर रेघ आली आहे आणि ती डाव्या कडेपासून 62 मिमीवर आहे. ए4 ची रुंदी 210 मिमी, म्हणजे उजव्या कडेपासून ती 148 मिमीवर. काचेवर पान पालथं जात असल्याने डावं-उजवं उलटतं. त्यात वेळ घालवू नका. पट्टीच्या ज्या भागावरून पान जातं त्याच्या एका टोकापासून 62 मिमी आणि 148 मिमी अशा दोन जागा बघायच्या; कण त्यातल्या एका जागी असतो. फक्त कॉपी 100 टक्के आकारात काढलेली हवी, नाहीतर मोजमाप चुकेल.

मशीन बंद करून वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, काचेवर ओरखडे त्यांनीच पडतात. मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ आडवा धरून पट्टीकडे तिरकं बघा. वरून उजेड पाडला तर कण दिसत नाही, आडव्या उजेडात त्याची सावली पडते. तरीही दिसला नाही तर स्वच्छ, कोरडं बोट त्या दोन जागांवरून हलकेच फिरवा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो.

नुसती धूळ असेल तर कोरडं मायक्रोफायबर कापड पुरतं. व्हाइटनर, डिंक किंवा जेल पेनची शाई वाळून बसली असेल तर कापडाचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करा. ओलसर म्हणजे पिळलं तर थेंब पडणार नाही इतकंच. ते टोक डागावर दहा-पंधरा सेकंद नुसतं दाबून धरा, डाग मऊ होऊ द्या आणि मग पट्टीच्या लांबीच्या दिशेने पुसा. हटला नाही तर पुन्हा दाबून धरा. तरीही कवच राहिलंच, तर निकामी प्लॅस्टिक कार्डाची कडा जवळजवळ आडवी धरून ते हळूच ढकला. ब्लेड, कटर, स्टीलची पट्टी अजिबात नको. पट्टीवर कायमचा ओरखडा पडला की कायमची रेघ आली.

पट्टीच्या कडेला पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म दिसेल. ती कागदाला वर उचलून धरण्यासाठी असते. ती चिकटपट्टीसारखी दिसते म्हणून सोलून काढणारे लोक आहेत. मग कागद पट्टीच्या खाचेत अडकायला लागतो.

झाकणाच्या खालच्या बाजूला, पट्टीच्या बरोबर वर येणारा पांढरा भागही पुसा. काही मशीन कागदाच्या दोन्ही बाजू एकाच फेरीत स्कॅन करतात. त्यांच्यात एडीएफच्या आत आणखी एक काचपट्टी असते. रेघ फक्त मागच्या बाजूच्या कॉपीवर येत असेल तर ती पट्टी बघा.

सगळं वाळल्यावर मशीन सुरू करून पुन्हा कोऱ्या कागदाची एडीएफमधून कॉपी काढा. रेघ गेली असेल तर काम झालं. रेघ आहे पण जागा बदलली, तर तुम्ही कण पुसला नाही, नुसता सरकवला आहे. कापडाची स्वच्छ बाजू घेऊन पुन्हा पुसा.

काचेवर लिक्विड थेट फवारलं तर काय बिघडतं?

काच चौकटीत दुहेरी टेप किंवा गोंदाने बसवलेली असते, ती पाणबंद नसते. फवारलेलं लिक्विड कडेने आत झिरपतं आणि काचेच्या खालच्या अंगाला ओघळ सोडून वाळतं. तो डाग बाहेरून पुसता येत नाही, आणि प्रत्येक कॉपीवर धुरकट पट्टा येत राहतो. म्हणून लिक्विड नेहमी कापडावर घ्यायचं, तेही मशीनपासून लांब धरून.

साध्या धुळीला आणि बोटांच्या ठशांना पाण्याने ओलसर केलेलं कापड चालतं, मात्र लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसा. तेलकट किंवा चिकट डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोल. अमोनिया असलेले काच पुसायचे स्प्रे, अ‍ॅसिटोन, म्हणजे नेलपेंट काढायचं रिमूव्हर, थिनर आणि बेंझिन हे मशीनच्या कुठल्याच भागाला लावू नका. काचेचं फार बिघडणार नाही, पण शेजारचं प्लॅस्टिक विरघळतं किंवा धुरकट होतं. टिश्यू पेपर आणि पेपर नॅपकिनही नको, त्यांचे तंतूच नवे ठिपके बनतात.

अल्कोहोल पेट घेणारं आहे, म्हणून ते पूर्ण उडून गेल्याशिवाय वीज जोडायची नाही.

काचेच्या आतल्या बाजूला धूळ दिसते. काच उघडू का?

कॉपीवर दिसत नसेल तर राहू द्या. चौकट उघडली की स्कॅनिंग हेडची नाजूक चपटी केबल आणि बेल्ट समोर येतात, आणि आत होती त्यापेक्षा जास्त धूळ बाहेरून जाते.

प्रिंटरचा खालचा भाग उघडण्याआधी किती वेळ थांबायचं?

मशीन बंद करून, वायर काढून किमान अर्धा तास. कागदावरचा टोनर वितळवून पक्का करणारा भाग म्हणजे फ्यूझर. तो काम करताना साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. मोठी छपाई नुकतीच झाली असेल तर आणखी थांबा. फ्यूझर बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतो आणि त्यावर तापमानाच्या इशाऱ्याचं चित्र असतं. तो गार झाला तरी त्याला पुसायचं नाही. आतलं आवरण पातळ फिल्मचं असतं, नखाने किंवा चिमट्याने ते फाटलं की अख्खा फ्यूझर बदलावा लागतो.

कार्ट्रिज बाहेर काढल्यावर ठेवायचं कुठे?

सपाट जागी वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवा आणि वरून जाड काळं कापड किंवा दोन-तीन पदरी कागद झाका. कार्ट्रिजमध्ये, किंवा काही मॉडेलमध्ये वेगळ्या युनिटमध्ये, निळसर किंवा हिरवट चकाकणारा एक दंडगोल असतो. तो ड्रम. त्याचं कामच उजेडाला प्रतिसाद देण्याचं आहे. लेझरचा उजेड पडतो तिथला विद्युतभार जातो आणि त्या जागी टोनर चिकटतो. अशा पृष्ठभागावर खोलीतला उजेड काही मिनिटांपेक्षा जास्त पडला तर त्या भागाची छपाई काळपट किंवा फिकी येऊ लागते. थेट ऊन तर अजिबात नको.

ड्रमला बोट लावायचं नाही आणि तो पुसायचाही नाही, कोरड्या कापडानेसुद्धा. कार्ट्रिजच्या झडपेखाली तो लपलेला असेल तर झडप उघडून बघायचा मोह आवरा. कार्ट्रिज उभं किंवा उलटं केलं की टोनर सांडतो, त्यामुळे ते जसं आत होतं तसंच आडवं धरा.

मग आत नेमकं काय पुसायचं?

फारसं काही नाही. कागद जातो तो मार्ग आणि कार्ट्रिज बसते ती पोकळी, एवढंच. पायथ्याशी आणि कडेच्या खाचांमध्ये कागदाची पांढरी धूळ आणि सांडलेला काळा टोनर साचतो. तो कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने उचलायचा. घासायचं नाही. एकदा पुसलं की कापडाची घडी बदलायची, नाहीतर तोच टोनर पुढे पसरतो. कोपऱ्यात कापड जात नसेल तर स्वच्छ, मऊ, कोरडा ब्रश चालतो, पण कणांना बाहेरच्या दिशेने ओढा, आत ढकलू नका.

पुसताना वाटेत छोट्या प्लॅस्टिकच्या काड्या लागतील, त्या सहज मागेपुढे हलतात. कागद आला की नाही हे प्रिंटरला सांगणारी ही पाती असतात. कापड त्यांच्यात अडकून एखादं पातं मोडलं, तर प्रिंटर कागद अडकलेला नसतानाही अडकल्याचा संदेश देत बसतो. अशा जागी कापड ओढू नका, उचलून पुढे ठेवा.

कार्ट्रिजखाली आडवा, काळा, स्पंजसारखा रोलर दिसेल. तो ट्रान्सफर रोलर, ड्रमवरचा टोनर कागदावर ओढून घेणारा. तो मळकट दिसतो, म्हणून सगळ्यात आधी लोकांचा हात त्याच्याकडे जातो. त्याला हात लावू नका. बोटांचं तेल त्यावर बसलं की छपाईत फिके डाग पडतात, आणि ओलं कापड फिरवलं तर त्याचा विद्युत गुणच बिघडू शकतो. पितळी किंवा स्टीलच्या स्प्रिंगसारखे संपर्क वाकवू नका. गिअरना तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर टोनर बसून घट्ट लेप तयार होतो.

घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने किंवा ब्लोअरने काम पटकन होईल ना?

दोन्ही नको. टोनरचे कण साधारण 5 ते 10 मायक्रॉनचे असतात. साध्या व्हॅक्यूमच्या फिल्टरमधून ते आरपार जातात आणि मागच्या बाजूने खोलीत पसरतात. शिवाय प्लॅस्टिकच्या नळीत स्थिर वीज तयार होते. ती प्रिंटरच्या इलेक्ट्रॉनिक्सला घातक आहेच, आणि हवेत मिसळलेली इतकी बारीक ज्वलनशील पूड ठिणगीने पेटूही शकते. टोनरसाठी बारीक फिल्टरचे, स्थिर वीज जमिनीत सोडणारे खास व्हॅक्यूम असतात, सर्व्हिसवाले तेच वापरतात.

ब्लोअर किंवा हवेचा डबा घाण बाहेर काढत नाही, जागा बदलतो. पायथ्याला निरुपद्रवी पडलेला टोनर उडून लेझर बाहेर येण्याच्या काचेवर, सेन्सरवर आणि पंख्यात जाऊन बसतो. त्यानंतर पानावर उभे पांढरे पट्टे दिसायला लागतात. खरं तर त्याआधी प्रिंटर बरा चालू होता.

टोनर हातावर, कपड्यावर किंवा जमिनीवर सांडला तर?

टोनर म्हणजे मुख्यतः प्लॅस्टिकची पूड, उष्णतेने वितळणारी. त्यामुळे गरम पाणी वापरायचं नाही. हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा. कपडा आधी घराबाहेर झटका, कोरड्या कापडाने टिपून घ्या, मग थंड पाण्यात धुवा. इस्त्री किंवा ड्रायर डाग पूर्ण गेल्यावरच. आधी केली तर डाग कपड्यात पक्का होतो. जमिनीवरचा टोनर ओलसर कापडाने टिपून उचला, केरसुणीने उडवू नका. जास्त सांडला असेल तर खिडकी उघडा, पंखा बंद करा आणि एन95 मास्क लावा. डोळ्यात गेला तर चोळू नका, भरपूर थंड पाण्याने धुवा आणि जळजळ थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आतून पुसूनही पानावर ठरावीक अंतराने तोच डाग येतो. काय राहिलं?

बहुधा काहीच राहिलं नाही. ठरावीक अंतराने येणारा डाग सांगतो की एखाद्या गोल फिरणाऱ्या भागावर एका जागी खोट आहे. तो भाग एक फेरी पुरी करतो तेव्हा डाग पुन्हा उमटतो. दोन डागांमधलं अंतर पट्टीने मोजा, म्हणजे त्या भागाचा परिघ मिळतो. समजा अंतर 75 मिमी आलं. 75 ला 3.14 ने भागलं तर व्यास सुमारे 24 मिमी. लहान कार्ट्रिजमधल्या ड्रमचा व्यास बऱ्याचदा एवढाच असतो, म्हणून संशय ड्रमवर. मॉडेलनुसार आकडे बदलतात. अनेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येक रोलरचं अंतर दिलेलं असतं.

ड्रमवर ओरखडा असेल तर तो पुसून जात नाही, ड्रम किंवा कार्ट्रिज बदलावंच लागतं. फ्यूझरच्या रोलरवर टोनर चिकटून डाग पडत असतील तर मात्र एक उपाय आहे. प्रिंटरच्या मेनूमध्ये, बहुधा देखभालीच्या विभागात, Cleaning Page किंवा तशाच नावाचा पर्याय असतो. तो निवडला की प्रिंटर कागद फ्यूझरमधून सावकाश, थांबत थांबत नेतो आणि सुटलेला टोनर कागदावर उतरतो. साधा कोरा कागदच घाला, स्टिकर किंवा चकचकीत कागद नको. एका पानाने भागलं नाही तर दोन-तीन वेळा करा. त्यानंतरही डाग राहिला तर फ्यूझर बदलायच्या बेतात आला आहे.

ड्रम युनिटवर एक हिरवी किंवा रंगीत खूण सरकते. ती कशासाठी?

काही मॉडेलमध्ये ड्रमला विद्युतभार देण्यासाठी बारीक तार असते. तिच्यावर धूळ बसली की पानावर उभी रेघ किंवा पट्टा येतो. ती खूण काही वेळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवली की आतला छोटा पॅड तार पुसतो. शेवटी ती बाणाने दाखवलेल्या मूळ जागी पूर्ण परत आणून ठेवा. अर्ध्यात राहिली तर पानावर काळा उभा पट्टा येतो आणि तो नवा बिघाड वाटतो. तुमच्या ड्रमवर अशी खूण नसेल तर तिथे तार नाही, रोलर आहे. त्याला काही करायचं नाही.

कागद उचलला जात नाही किंवा दोन-दोन जातात. त्याचा सफाईशी संबंध आहे का?

आहे. ट्रेच्या वर रबरी पिकअप रोलर असतो. कागदाची धूळ बसली की तो घसरतो. पाण्याने किंचित ओलसर कापडाने, रोलर हाताने हळू फिरवत पुसा आणि वाळू द्या. रबर चकचकीत, कडक झालं असेल तर पुसून उपयोग नाही.

हे सगळं किती दिवसांनी करायचं?

ठरावीक दिवस नाहीत. एडीएफची पट्टी कोऱ्या कागदाच्या कॉपीवर रेघ दिसली की पुसा. व्हाइटनर लावलेली किंवा डिंक चिकटवलेली कागदपत्रं रोज स्कॅन होत असतील तर आठवड्याला एकदा नजर टाका. प्रिंटरचा आतला भाग टोनर कार्ट्रिज बदलताना, कारण तेव्हा तो तसाही उघडलेलाच असतो. छपाई स्वच्छ येत असेल तर मधे उघडू नका.